स्वयंपाक, केर-फरशी आणि आजींची देखभाल : पगार कसा काढावा

शहरातल्या घरकामाचा पगार ‘काम’ या एककात ठरतो. भांडी हे एक काम, केर-फरशी दुसरे, धुणे तिसरे, पोळ्या चौथे. प्रत्येक कामाचा महिन्याचा दर आसपासच्या सोसायट्यांमध्ये ठरल्यासारखाच असतो आणि बाई किती कामे धरते त्यावर तिची मिळकत अवलंबून असते. घरात वयस्क माणूस असले आणि बाईने दिवसभर थांबायचे ठरले, की बहुतेक घरे हाच हिशेब पुढे चालवतात. भांड्यांचे इतके, स्वयंपाकाचे इतके, आणि ‘आजींकडे लक्ष ठेवायचे’ म्हणून वर थोडे. चूक नेमकी इथे होते.

कामाचा दर परवडतो, कारण ते काम लवकर आटपते. समजा, एका घरच्या भांड्यांचे महिन्याला 1,200 रुपये मिळतात आणि रोज 40 मिनिटे लागतात. महिन्याचे 26 दिवस धरले तर साधारण सव्वासतरा तास होतात, म्हणजे तासाला जवळजवळ 69 रुपये. ते संपवून बाई पुढच्या घरी जाते. दिवसभराच्या नोकरीत ही वाट बंद होते. भांड्यांचे 1,200, केर-फरशीचे 1,200, स्वयंपाकाचे 3,500 आणि आजींचे 3,000 अशी बेरीज 8,900 रुपये होते. रोजच्या आठ तासांप्रमाणे महिन्याचे 208 तास धरले, तर तासाला 43 रुपयांहून कमी पडतात. म्हणजे जास्त जबाबदारीच्या कामाला पाच घरी भांडी घासण्यापेक्षा कमी मोल मिळते. आजी झोपलेल्या असतानाचा वेळ या बेरजेत मोकळा मानलेला असतो. पण त्या वेळेत बाईला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाता येत नाही. मालकाच्या सोयीसाठी बांधलेला वेळ तो कामाचाच वेळ. म्हणून या नोकरीचा पगार कामांवरून नव्हे, तासांवरून काढायला हवा.

तासाचा दर कुठून घ्यायचा? महाराष्ट्राने घरकामासाठी वेगळा किमान वेतनदर ठरवलेला नाही. कर्नाटक, केरळ, तामिळनाडू, राजस्थान यांनी तो ठरवला आहे. महाराष्ट्रात 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्याखाली 18 ते 60 वयाच्या कामगारांची नोंदणी होते आणि त्यांच्यासाठी कल्याणाच्या योजना चालतात, पण पगार किती असावा याबद्दल तो काही सांगत नाही. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला, संघटना उभी केली. तेव्हापासून पगारवाढ, साप्ताहिक सुट्टी आणि दिवाळीचा बोनस या मागण्या चालत आल्या आहेत. दर मात्र आजही घराघरांत घासाघीस करूनच ठरतो.

तरीही आधाराला एक आकडा मिळतो. दुकाने व आस्थापनांसाठी राज्य सरकार किमान वेतन जाहीर करते. त्यात अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे तीन दर असतात, शहराच्या परिमंडळानुसार ते बदलतात आणि महागाईप्रमाणे त्यांतला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी सुधारला जातो. दुकानात माल लावणाऱ्याला जो किमान दर मिळतो, त्याहून घरात माणूस सांभाळणाऱ्या बाईला कमी द्यावा, याचे समर्थन करणे अवघड आहे. हा दर म्हणजे तळ आहे. शेजारीपाजारी मिळणारा दर त्याहून जास्त असेल, तर अर्थातच तो धरायचा.

एका घराचे गणित करून पाहू. आजी 82 वर्षांच्या आहेत. खुब्याचे हाड मोडल्यानंतर वॉकर घेऊन चालतात. आंघोळीला आणि पलंगावरून उठायला मदत लागते. जेवण, कपडे आणि शौचाचे त्यांचे त्या पाहतात. बाई सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, आठवड्याला सहा दिवस येते. दोन वेळचा स्वयंपाक, भांडी आणि केर-फरशी तिच्याकडे आहे. खालचे आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्षात त्या-त्या सहामाहीचे दर घ्यावेत. अकुशल कामाचा महिना 13,000 रुपये धरू, अर्धकुशल 14,300, कुशल 15,600. महिन्याच्या दराला 26 ने भागले की दिवसाचा दर मिळतो आणि त्याला आठने भागले की तासाचा. ते अनुक्रमे साडेबासष्ट रुपये, पावणेएकोणसत्तर रुपये आणि 75 रुपये येतात.

आता तीन दरांपैकी कोणता लावायचा? याचे उत्तर 1948 च्या किमान वेतन कायद्यात होते आणि 2019 च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व ठेवले आहे. एकच माणूस वेगवेगळ्या दर्जाची कामे करत असेल, तर ज्या कामाला जितका वेळ गेला, तितक्या वेळाचा त्या कामाचा दर द्यायचा. त्यासाठी एक आठवडा वहीत वेळ टिपून ठेवावा लागतो. अंदाजाने धरलेले तास देखभालीच्या बाबतीत हमखास कमी भरतात. या घरी भांडी आणि केर-फरशीला दोन तास जातात, स्वयंपाकाला अडीच, आणि उरलेले साडेतीन तास आजींपाशी. जेवायला बसली तरी बाईचा एक कान आजींच्या खोलीकडे असतो, म्हणून तिच्या विश्रांतीचा अर्धा तास याच साडेतीन तासांत धरला आहे. सफाईला अकुशल, स्वयंपाकाला अर्धकुशल आणि देखभालीला कुशल दर लावला, तर रोजचे 125, 172 आणि 262 रुपये होतात. एकूण सुमारे 559 रुपये. 26 दिवसांचे साधारण 14,550.

देखभालीला कुशल दर का, असा प्रश्न काही घरांत विचारला जातो. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ओल्या फरशीवरून सावरत नेणे, गोळ्या वेळेवर आणि अदलाबदल न करता देणे, चेहऱ्यावरून किंवा बोलण्यावरून काही बिघडल्याचे ओळखणे, हे ज्याला जमते त्याच्याच भरवशावर घरचे लोक नोकरीला जातात. त्या भरवशाची किंमत अकुशल दरात बसत नाही. दुसरीकडे, इंजेक्शन देणे किंवा नळीतून अन्न भरवणे हे घरकामात मोडत नाही. त्यासाठी प्रशिक्षित परिचारिका लागते. पगार वाढवून हे काम मावशींच्या गळ्यात घालणे आजींसाठीही धोक्याचे आहे.

14,550 हा महिन्याच्या हातात पडणारा पगार झाला. घराचा खर्च याहून जास्त असतो आणि तो आधीच मांडलेला बरा. 26 दिवसांच्या हिशेबात आठवड्याची सुट्टी धरलेलीच असते, त्यामुळे रविवारचे पैसे कापण्याचा प्रश्न येत नाही. दिवाळीला एक पगार बोनस देण्याची प्रथा आहे. त्यासाठी दरमहा सुमारे 1,210 रुपये बाजूला पडतात. भरपगारी रजेसाठी दुकानांच्या 2017 च्या कायद्याचे माप घेता येते. त्यात कामाच्या दर वीस दिवसांमागे एक रजा आहे, म्हणजे वर्षाला साधारण पंधरा. त्या दिवसांत बदली बाई ठेवायची तर महिन्याला सरासरी 700 रुपये लागतात. ग्रॅच्युइटीच्या धर्तीवर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार साठवला, तर आणखी 700. सगळे मिळून 17,160 रुपयांच्या आसपास. दुपारचे जेवण आणि चहा यात येत नाही, आणि त्याचे पैसे पगारातून वळते करून घेणे शोभत नाही.

हा आकडा झेपत नसेल तर तास कमी करावेत; दर कमी करू नये. बाई अकरा ते चार आली आणि सफाई दुसरीकडे दिली, तर पाच तासांचा पगार साडेनऊ हजारांच्या घरात येतो. मात्र दिवसाचा मधला भाग अडकल्यामुळे तिला दुसरी कामे धरणे कठीण जाते, म्हणून अशा वेळेला तासाचा दर थोडा चढाच असावा.

वयस्क माणसाच्या बाबतीत पगार एकदा ठरवून वर्षभर विसरता येत नाही, कारण माणसाची अवस्था बदलते. आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, उठणे-बसणे, मल-मूत्रावर ताबा आणि जेवण या सहा गोष्टी डॉक्टर पाहतात. यातली एकेक गोष्ट दुसऱ्याच्या हाती गेली की देखभालीचा वेळ वाढतो. समजा, सहा महिन्यांनी आजींना शौचासाठीही धरून न्यावे लागू लागले आणि रोज दीड तास वाढला. आठ तासांवरच्या वेळेला दुप्पट दर हा नियम लावला, तर दीड तासाचे रोज 225 रुपये, महिन्याचे 5,850 होतात आणि पगार 20,400 वर जातो. त्याऐवजी भांडी आणि केर-फरशी वरकामाच्या बाईला 2,400 रुपयांत दिली, तर मोकळे झालेले दोन तास आजींकडे जातात. मावशींचा पगार 15,200 होतो आणि एकूण खर्च 17,600. दमलेल्या हातांनी आजींना उचलावे लागत नाही, हा वेगळा फायदा. बहुतेक घरे मात्र यातले काहीच करत नाहीत. तास तेच, पगार तोच, काम वाढलेले. मग खाडे वाढतात, उचल वाढते, आणि एक दिवस बाई दुसरीकडे लागल्याचे वॉचमनकडून कळते.

खाड्याचे पैसे कापायचे असतील तर दिवसाचा दर 26 ने भागून काढावा. रजा शिल्लक असताना कापू नये. उलट बाजूही आहे. आजी पंधरा दिवस लेकीकडे गेल्या, तर त्या दिवसांचा पगार द्यावा लागतो, कारण बाई कामाला तयार होती, काम घरानेच दिले नाही. उचल दिली तर ती फेडण्याचा हप्ता वहीत लिहावा आणि पगाराच्या दिवशी दोघांनी तो पाहावा. पगार महिन्याच्या सात तारखेच्या आत खात्यावर जावा. खात्यावरची नोंद पुढे कर्ज घेताना तिला उपयोगी पडते.

या नोकरीचा शेवट बहुतेक वेळा एका मृत्यूने होतो. दुःखाच्या गडबडीत बाईचा हिशेब मागे पडतो आणि तेराव्यानंतर तिला ‘आता गरज नाही’ असे सांगितले जाते. म्हणून सुरुवातीलाच ठरवून लिहून ठेवावे : काम कोणत्याही कारणाने थांबले तरी एक महिन्याचा पगार नोटिशीचा, साठवलेली ग्रॅच्युइटी, शिल्लक रजांचे पैसे आणि बोनसचा झालेला हिस्सा. वरच्या घरात दोन वर्षे आणि चार महिन्यांनी असे झाले, तर नोटिशीचे 14,550, ग्रॅच्युइटीचे सुमारे 19,600 आणि चार महिन्यांच्या बोनसचे 4,850 रुपये, म्हणजे 39,000 रुपये तिच्या हाती पडायला हवेत. शिल्लक रजांचे पैसे त्यावर वेगळे.