आठ मिनिटांत मनाची विचारपूस

जुन्या पद्धतीच्या वैद्यकीय परीक्षेत कुणाच्या वाट्याला बोलका रुग्ण येई, तर कुणाच्या वाट्याला अबोल. हा नशिबाचा भाग कमी करण्यासाठी स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ‘ओएससीई’ ही पद्धत मांडली. तिच्यात विद्यार्थी एकामागून एक टेबलांवर, म्हणजे ‘स्टेशनां’वर जातात. प्रत्येकाला तेच काम, तोच वेळ आणि तीच गुणपत्रिका असते.

मनोविकाराच्या स्टेशनवर खऱ्या रुग्णाऐवजी भूमिका वठवणारी व्यक्ती बसते. समजा, ती पंचेचाळीस वर्षांची शेतकरी बाई आहे. झोप लागत नाही आणि अंग दुखते, एवढेच ती आपणहून सांगते. महिनाभरापासून कशातच मन रमत नाही, हे मोकळा प्रश्न विचारला तरच बाहेर येते. जगणे नकोसे झाल्याचे ती थेट विचारल्यावरच बोलते. घरात फवारणीचे औषध असल्याचे त्याहीनंतर. काय, केव्हा आणि किती सांगायचे, हे संहितेत लिहिलेले नसेल, तर प्रत्येक विद्यार्थ्याची परीक्षा वेगळी होते.

वीस गुणांची वाटणी अशी करता येते: ओळख, संमती आणि ऐकून घेणे ४, तक्रारी, त्यांचा कालावधी आणि नैराश्याची लक्षणे ५, पूर्वीचा उन्माद, भास, दारू, थायरॉइड आणि घरातला आजार ४, आत्महत्येचा धोका ५, रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीचा अभिप्राय २.

धोक्याचे पाच गुण विचार, योजना, साधन, पूर्वीचा प्रयत्न आणि आधार देणारी माणसे यांवर प्रत्येकी एक असे द्यावेत. ‘तसले विचार येत नाहीत ना?’ असे विचारणाऱ्याला विचारांचा गुण देऊ नये, कारण नकार प्रश्नातच भरलेला असतो. ‘कधी जीव संपवावा असे वाटते का?’ हा प्रश्न चालतो. अशा विचारण्याने तो विचार मनात रुजत नाही, असे संशोधन सांगते.

गुणपत्रिकेत पस्तीस बारीक मुद्दे घातले, की विद्यार्थी प्रश्नांचा भडिमार करतो आणि गुणही मिळवतो. टोरांटोच्या ब्रायन हॉजेस यांच्या १९९९ च्या अभ्यासात अनुभवी डॉक्टरांना अशा यादीवर नवख्यांपेक्षा कमी गुण पडले, कारण ते थोड्या प्रश्नांत निदानापाशी पोहोचत होते. म्हणून परीक्षकाने वीस गुणांखेरीज ‘नापास, काठावर, पास, उत्तम’ असा एकूण शेराही द्यावा. सगळ्यांचे गुण आणि शेरे आलेखावर मांडले, की ‘काठावर’ या शेऱ्यापाशी येणारा गुण ही उत्तीर्णतेची रेषा ठरते.

परीक्षकासाठीच्या सूचना थोड्याच असतात. सुचवू नये, मान डोलावू नये, जे बोलले गेले त्यालाच गुण द्यावेत. रुग्णाने आपणहून सांगितलेल्या गोष्टीचा गुण विद्यार्थ्याने ती धरून पुढे विचारले तरच द्यावा. आदल्या दिवशी दोन परीक्षकांनी एकाच सरावाला वेगवेगळे गुण देऊन पाहावेत. जिथे फरक पडतो, तिथे मुद्द्याची भाषा सुधारावी.

रुग्णाची भूमिका दिवसभर करणाऱ्या व्यक्तीलाही जपावे लागते. घरात नुकतीच आत्महत्या झालेल्याला ही भूमिका देऊ नये, आणि ठरावीक फेऱ्यांनंतर पात्र बदलावे.