दीड लाख डॉलरची मागणी

जून 2008 मध्ये मायकल सायबेल यांनी ‘एअरबीएनबी’च्या संस्थापकांची सिलिकॉन व्हॅलीतल्या 7 गुंतवणूकदारांशी ओळख करून दिली. मागणी नेमकी होती: दीड लाख डॉलर, मोबदल्यात कंपनीचा 10 टक्के हिस्सा. पाच जणांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरही दिलं नाही.

अडचण सांगायला एक वाक्य पुरे होतं: परिषदेच्या दिवसांत हॉटेलं भरलेली आणि महागडी. लंगडी बाजू होती ग्राहकांच्या प्रतिसादाची. मार्चमध्ये ऑस्टिनच्या महोत्सवात जेमतेम 2 बुकिंग झाली होती.

भेट मागणाऱ्या ईमेलमध्ये गुंतवणूकदाराची नजर याच ओळीवर अडते. ‘प्रतिसाद उत्तम’ याऐवजी ‘तीन महिन्यांत 40 ग्राहक, त्यातले 25 पुन्हा आले’ असं लिहावं. मग रक्कम, ती कशासाठी हवी, आणि वीस मिनिटांची वेळ मागावी. सोबत जाडजूड आराखडा जोडला, तर तो उघडतंय कोण!