वाय-फाय ६: गजबजलेल्या घरात नेमकं काय बदलतं?

संध्याकाळी टीव्ही, लॅपटॉप, चार-पाच फोन आणि स्मार्ट प्लग एकाच राउटरवर असतात. जुन्या वाय-फायमध्ये प्रत्येक प्रक्षेपण अख्खा चॅनेल अडवतं. मेसेज चार ओळींचा असला तरी त्याला चॅनेल मोकळा होण्याची वाट पाहावी लागते. व्हिडिओ कॉल पुष्कळदा अडखळतो तो या ताटकळण्यामुळे.

वाय-फाय ६ मधलं ओएफडीएमए तोच चॅनेल वाटून देतं. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलचे जास्तीत जास्त ९ भाग होतात आणि राउटर एकाच फेरीत वेगवेगळ्या उपकरणांची छोटी पाकिटं पोचवतो. त्याने एकट्या मोठ्या डाउनलोडचा वेग वाढत नाही. गर्दीतली वाट पाहणं कमी होतं.

बीमफॉर्मिंग मात्र नवं नाही, ते वाय-फाय ५ मध्येही होतं. राउटर चाचणी संकेत पाठवतो, फोन तो कसा पोचला ते कळवतो. मग अनेक अँटेनांच्या लहरी फोनपाशी एकमेकींना बळ देतील अशा जुळवल्या जातात. फायदा दिसतो तो मधल्या अंतरावर, शेजारच्या खोलीत. तीन भिंतींपलीकडे फारसा नाही.

खरी मर्यादा उपकरणांची आहे. बरेच स्मार्ट प्लग अजून वाय-फाय ४ चेच असतात. ते ओएफडीएमएत सहभागी होऊ शकत नाहीत, पूर्वीसारखाच अख्खा चॅनेल घेतात. विंडोज लॅपटॉपवर ही आज्ञा द्या:

```
netsh wlan show interfaces
```

Radio type पुढे 802.11ax दिसलं, तर लॅपटॉप वाय-फाय ६ वर जोडलेला आहे. 802.11ac किंवा 802.11n दिसलं, तर नव्या राउटरचं ओएफडीएमए त्याच्या कामाचं नाही.