पाचशे तासांचा आवाज, तेहतीस लाख शब्द

पुण्यात बसून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांचा आकडा एक लाखाच्या पुढे जातो. बहुतेक ओव्या बाईने म्हटल्या आणि कुणीतरी वहीत उतरवून घेतल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल या संगणकाच्या जाणकाराने यातल्या काही गायिकांचा आवाज टेपवर घेतला. तो साठा सुमारे १२० तासांचा आहे. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळाने या ओव्या शब्द आणि आवाजासह लोकांपुढे ठेवल्या आहेत.

या कामातला बराचसा मजकूर माणसांच्या कानांनी आणि हातांनी तयार झाला. आज पुण्यातल्या कितीतरी संस्थांकडे, विद्यापीठातल्या संशोधकांकडे, आंदोलनांत आयुष्य घालवलेल्या कार्यकर्त्यांच्या घरी असेच शेकडो तास कॅसेटवर आणि हार्डडिस्कवर पडून आहेत. त्या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: हे क्लाउडवर पाठवून उतरवून घ्यायचे, की घरच्या संगणकावर? आणि एकूण खर्च किती? म्हणून ५०० तासांचा साठा समोर ठेवून हिशोब करू.

५०० तास म्हणजे नव्वद मिनिटांच्या ३३३ कॅसेट. मिनिटांत मोजले तर ३०,०००. मुलाखतीत माणूस मिनिटाला साधारण ११० शब्द बोलतो असे धरले, तर यात ३३ लाख शब्द आहेत. आवाज अजून कॅसेटवरच असेल, तर संगणकात घेण्यासाठी प्रत्येक कॅसेट तिच्या पूर्ण लांबीने वाजवावी लागते. तिथे कोणतेही यंत्र घाई करू शकत नाही. एका टेप-डेकवर रोज सहा तास काम केले, तरी ८३ दिवस लागतात. पुढचा सगळा हिशोब आवाज संगणकात आला आहे असे धरून आहे.

आधी क्लाउड. ओपनएआयच्या व्हिस्पर सेवेचा दर मिनिटाला ०.००६ डॉलर आहे. गुगलच्या अशाच सेवेच्या नव्या आवृत्तीचा नेहमीचा दर ०.०१६ डॉलर. दर बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्याआधी पाहून घ्यावेत. हिशोबापुरता डॉलर ९० रुपयांचा धरला, तर ३०,००० मिनिटांचे पहिल्या सेवेला १८० डॉलर, म्हणजे १६,२०० रुपये होतात. दुसरीला ४८० डॉलर, म्हणजे ४३,२०० रुपये. करांचा भाग वेगळा.

वेळेचा प्रश्न निराळा आहे. संग्रहासाठी जपलेली चांगल्या दर्जाची फाइल (४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल) तासाला सुमारे एक जीबी भरते, म्हणजे एकूण ५१८ जीबी. सेकंदाला ५० मेगाबिट चढवणाऱ्या कनेक्शनवर त्यांना २३ तास लागतील. पण व्हिस्पर कोणताही आवाज १६ किलोहर्ट्झ आणि एकाच चॅनेलवर आणूनच ऐकतो. त्यामुळे मूळ फाइल जपून ठेवावी आणि पाठवायची प्रत वेगळी करावी:

```
ffmpeg -i kaset-014.wav -ac 1 -ar 16000 -c:a libopus -b:a 32k kaset-014.ogg
```

आता तास १४ एमबीत बसतो, सगळा साठा सुमारे ७ जीबीत मावतो आणि वीस मिनिटांत वर चढतो. ओपनएआयची एका फाइलला २५ एमबीची मर्यादा आहे. ती नव्वद मिनिटांच्या कॅसेटलाही आड येत नाही. अनेक फाइली एकाच वेळी पाठवता येतात, म्हणून क्लाउडवर हे काम दिवसभरात आटोपू शकते.

आता घरचे यंत्र. व्हिस्परचे मॉडेल फुकट उतरवता येते आणि 'फास्टर-व्हिस्पर' या नावाने त्याची वेगवान बांधणी मिळते. तिच्या निर्मात्यांनी दिलेल्या मापनात आरटीएक्स ३०७० टीआय या ग्राफिक्स कार्डावर १३ मिनिटांचा आवाज मोठ्या मॉडेलने सुमारे एका मिनिटात उतरवला आहे. त्या वेगाने ५०० तास ४० तासांत व्हायला हवेत. मराठीत ते होत नाहीत, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

हे मॉडेल मजकूर अक्षरशः तुकड्यातुकड्याने लिहिते. इंग्रजीतला एक अख्खा शब्द बहुधा एका तुकड्यात बसतो. देवनागरीचे एक चिन्ह संगणकात तीन बाइटचे असते आणि एका शब्दाचे कितीतरी तुकडे पडतात. तेच बोलणे मराठीत लिहायला यंत्राला कैक पट पावले टाकावी लागतात. त्यातच मॉडेल दर तीस सेकंदांच्या खिडकीत ठरावीक तुकडेच लिहू शकते, त्यामुळे कुणी भरभर बोलत असेल तर खिडकीच्या शेवटचे शब्द गळण्याची भीती असते. म्हणून मी मराठीसाठी वेग बोलण्याच्या पाचपटच धरतो. ५०० तासांना १०० तास, म्हणजे चार दिवस-रात्र. संगणक आणि कार्ड मिळून ३५० वॉट खात असतील, तर ३५ युनिट वीज लागते. युनिटला १२ रुपये धरले तरी ४२० रुपये. क्लाउडच्या सोळा हजारांपुढे हा आकडा पुन्हा पुन्हा तपासून पाहावासा वाटतो.

अर्थात कार्ड विकत घ्यावे लागले, तर साधारण सत्तावीस हजार धरा. स्वस्त क्लाउडच्या दराने ती रक्कम सव्वाआठशे तासांत वसूल होते, महाग क्लाउडच्या दराने तीनशे तासांच्या आसपासच. कार्डच नसेल आणि साध्या प्रोसेसरवर मोठे मॉडेल चालवायचे असेल, तर तासभराच्या आवाजाला तासभर किंवा जास्तच लागतो. म्हणजे संगणक तीन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस अखंड चालू, आणि मधे वीज गेली तर कुठपर्यंत झाले होते याची नोंद हवी.

पण या दोन्ही बाजूंचा खरा आकडा अजून आलेलाच नाही. व्हिस्परचे पहिले मॉडेल ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकले. त्यात मराठी ऐकून मराठीत लिहिण्याचा भाग एका तासापेक्षाही कमी होता. नंतरच्या मॉडेलांना बराच जास्त आवाज मिळाला, तरी मुळशीच्या किंवा मराठवाड्यातल्या आजींची बोली त्यांच्या कानांवर किती पडली असेल? त्यामुळे चुका होतात आणि त्या दुरुस्त कराव्या लागतात.

समजा शंभरात वीस शब्द चुकले. ३३ लाखांचे २० टक्के म्हणजे ६ लाख ६० हजार चुका. एक चूक सापडून सुधारायला दहा सेकंद धरले, तर १,८३३ तास होतात. वर सगळा आवाज एकदा ऐकायचे ५०० तास. एकूण २,३३३ तास. आता कोऱ्या पानापासून हाताने उतरवायचे म्हटले, तर सराईत माणसाला एका तासाच्या आवाजाला पाचेक तास लागतात, म्हणजे २,५००. सगळी यंत्रे चालवून वाचले किती, तर जेमतेम १६७ तास! चुका दहा टक्क्यांवर आल्या, तर मात्र काम १,४०० तासांवर येते आणि यंत्राचा उपयोग खऱ्या अर्थाने दिसू लागतो.

तासाला १५० रुपये मोबदला धरा. चुकांचे प्रमाण वीसवरून पंधरावर आले, तर ४५८ तास आणि जवळजवळ ६९,००० रुपये वाचतात. ही रक्कम वरच्या दोन्ही क्लाउड बिलांपेक्षा मोठी आहे. म्हणून 'क्लाउड महाग, घरचे फुकट' या भांडणात मला फारसा अर्थ दिसत नाही. ज्याच्या चुका पाच टक्क्यांनी कमी, तोच स्वस्त. त्यासाठी आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाचे 'इंडिककन्फॉर्मर' घरच्या यंत्रावर जरूर करून पाहावे. आकाराने लहान आहे, पण भारतीय भाषांसाठीच घडवलेले आहे.

घरच्या यंत्राची खरी ताकद फेरफार करून पुन्हा चालवता येण्यात आहे. क्लाउडवर प्रत्येक फेरीला नव्याने बिल. इथे ४२० रुपयांची वीज. सुरुवात अशी करावी:

```
from faster_whisper import WhisperModel
m = WhisperModel("large-v3", device="cuda",
                 compute_type="int8_float16")
segs, info = m.transcribe("kaset-014.wav",
    language="mr", vad_filter=True,
    condition_on_previous_text=False)
for s in segs:
    print(s.start, s.end, s.text)
```

language="mr" दिले नाही, तर यंत्र मराठीला हिंदी समजून बसू शकते. vad_filter बोलणे नसलेले भाग वगळते. नाहीतर जाते फिरण्याची घरघर तेवढी चालू असताना यंत्र कुणी न बोललेले एखादे वाक्य ठोकून देते. condition_on_previous_text=False मागच्या चुकीचा धागा पुढे ओढला जाऊ देत नाही. बिघाड ओळखायला प्रत्येक तुकड्याचे शब्द मोजावेत: मिनिटाला २०० च्या वर किंवा २० च्या खाली गेले, तर तो भाग कानांनी ऐकावा.

ओव्यांचे दुखणे वेगळे आहे. एकच ओळ पुन्हा पुन्हा आली की यंत्र स्वतःलाच अडकलेले समजते आणि तो तुकडा वेगळ्या पद्धतीने परत लिहू पाहते. पण जात्यावर बसलेली बाई ओळ घोळवूनच म्हणते. तो दोष नाही, गाण्याची रीत आहे. compression_ratio_threshold या नावाची ती मर्यादा मुळात २.४ असते आणि देवनागरीचा साधा मजकूरही तिच्या जवळ जातो. गाण्यासाठी ती वाढवून पाहावी. तरीही गायलेली ओवी यंत्राकडून नीट उतरेल अशी आशा आज धरू नये. बेल यांनी घेतलेल्या १२० तासांसारख्या साठ्याला माणसाचाच कान लागणार.

आणखी एक गोष्ट पैशांच्या पलीकडची आहे. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल, सावकाराबद्दल, जातीच्या अपमानाबद्दल एखादी बाई संशोधकाशी विश्वासाने बोलली असेल, तर तो आवाज परदेशातल्या संगणकावर जाईल हे तिला सांगितले होते का? सांगितले नसेल, तर तेवढ्या कॅसेट घरच्याच यंत्रावर उतरवाव्यात.

पैसे भरण्याआधी किंवा कार्ड घेण्याआधी तुमच्या साठ्यातले तीन-तीन मिनिटांचे दहा तुकडे निवडा: एक स्पष्ट आवाजाचा, एक गोंगाटातला, एक म्हाताऱ्या आवाजातला, एक बोलीतला, असे. ही तीस मिनिटे हाताने बिनचूक उतरवा. अडीच तास पुरतील. मग तेच तुकडे दोन्ही क्लाउड सेवांना आणि घरच्या दोन मॉडेलांना द्या आणि चुकलेले शब्द मोजा. क्लाउडचे दोन्ही मिळून बिल साठ रुपयांच्या आत येईल.