संध्याकाळी साडेपाच

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पाण्याच्या टाकीची सफाई, थकलेला मेंटेनन्स आणि पार्किंगच्या तक्रारी यांच्या गर्दीत वर्षातून एकदा कविता झळकते. वार्षिक स्नेहसंमेलनाचं निमंत्रण. कमिटीतला कुणीतरी हौशी माणूस ते लिहितो आणि बहुतेक वेळा ते असं होतं: ‘जुळू दे हे स्नेहबंध, दरवळू दे सुगंध.’ यमक बिनचूक आहे, पण हे लग्नालाही चालेल आणि अत्तराच्या दुकानाच्या उद्घाटनालाही. वाचणारा मान डोलावतो, लिफ्टमध्ये शिरतो आणि शेजाऱ्याला विचारतो, “किती वाजता आहे हो?”

दोष यमकाचा नाही. ओळीचा शेवटचा शब्द कानात सर्वांत जास्त वेळ राहतो, आणि नेमकी तीच जागा आपण ‘सुगंध’ला देऊन टाकतो. तिथं वेळ, खेळ किंवा पदार्थ बसवला, तर यमकच निरोप्याचं काम करतं.

यासाठी सोयीचा छंद म्हणजे अष्टाक्षरी. ओवी-अभंगांमुळे हा ठेका मराठी कानाला ओळखीचा आहे. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं मोजायची. ऱ्हस्व असो वा दीर्घ, अक्षर एकच धरायचं, जोडाक्षरही एकच. गंमत म्हणजे ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ ही नऊ अक्षरं होतात. ती ओळीत कोंबू नयेत, सरळ मथळ्यात ठेवावीत. ‘सव्वीस जानेवारीला’ मात्र बरोबर आठ भरतं:

सव्वीस जानेवारीला
संध्याकाळी साडेपाच,
गच्चीवर खेळ, गाणी,
पोराटोरांचाही नाच.

दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक जुळलं की पुरे. चारही ओळी जुळवायला गेलं की ओढाताण सुरू होते. इथं ‘पाच’शी ‘नाच’ जुळतो, कारण शेवटच्या ‘च’बरोबर त्याआधीचा ‘आ’ही सारखा आहे. ‘भात’ आणि ‘गीत’ दोन्ही ‘त’वर संपतात, तरी ते यमक नव्हे. ‘पोराटोरांचा नाच’ सातच अक्षरांचं होतं, म्हणून ‘ही’ घातला. तो खपतो, कारण मोठ्यांच्या गाण्यांबरोबर पोरांचा नाच ‘सुद्धा’ आहे, असा अर्थ तो देतो. उगाच टाकलेला ‘हो’ किंवा ‘बरे’ मात्र लगेच उघडा पडतो.

आता खेळ. ‘मनोरंजक खेळांची मेजवानी’ असं लिहिलं तर कुणाच्याही डोळ्यांपुढे काही येत नाही. खेळाचं नाव घ्यावं:

हाऊजीत आकड्यांचा
बघू कोणा पडे पेच,
ए आणि बी विंगमध्ये
लागणार रस्सीखेच.

दुसरी ओळ आधी ‘आजोबांना पडे पेच’ अशी सुचली होती. अक्षरं आठच होती आणि ऐकायला गंमतही जास्त होती. पण सोसायटीत ‘आजोबा’ म्हटलं की कुठल्या तरी एका मजल्यावरचे आजोबा सगळ्यांना आठवतात, आणि मग ते खाली उतरतच नाहीत. चिमटा काढायचाच तर विंगला काढावा. ‘ए’ आणि ‘बी’ विंगची चुरस सगळ्यांना आवडते.

गाणी आणि जेवण एकाच कडव्यात बसवता येतात:

सूर चुकला तरी गा,
कराओके साडेसात,
मग जिलबी नि मठ्ठा,
गरम मसालेभात.

इथं ‘मग’ महत्त्वाचा आहे. उघड्या गच्चीवर रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, म्हणून गाणी जेवणाआधी उरकलेली बरी. शिवाय भात पुढं दिसत असला की माइक सोडायलाही फार आढेवेढे घेतले जात नाहीत.

तीन कडव्यांवर थांबावं. वर्गणी किती, ताटांसाठी नावं कुणाकडे आणि कधीपर्यंत द्यायची, पाऊस किंवा वीज आडवी आली तर कुठं जमायचं, हे सगळं कवितेखाली साध्या दोन-तीन ओळींत लिहावं. तारीख, वार आणि वेळ तिथं आकड्यांत पुन्हा द्यावी. पैशाला यमक लावलं की माणसं तो विनोद समजतात आणि वर्गणी रखडते. आणि हा उत्साह वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेपर्यंत नेऊ नये. ती चौदा पूर्ण दिवस आधी, विषयपत्रिकेसह, गद्यातच गेली पाहिजे.

शेवटी एक परीक्षा घ्या. निमंत्रण बोर्डावर लावण्याआधी घरातल्या कुणाला तरी एकदा मोठ्यानं वाचून दाखवा, कागद मागं लपवा आणि विचारा: किती वाजता, काय खेळायचं, काय खायचं? तिन्ही उत्तरं आली, तर कागद लावा. ‘छान आहे कविता’ एवढंच उत्तर आलं, तर पुन्हा लिहायला बसा.