दोनच पास का?

स्नेहसंमेलनाची सूचना आली की घरोघरी एकच कुरकुर: आजी-आजोबांनी काय करायचं?

हिशेब साधा आहे. समजा, नाट्यगृहात ९०० खुर्च्या आहेत आणि ४०० कुटुंबं. दोन पास म्हणजे ८०० जागा. उरलेल्या पाहुणे, शिक्षक आणि नाच आटोपून बसणाऱ्या मुलांना. तिसरा पास दिला तर १२०० माणसं, म्हणजे पायऱ्या अडणार आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची वाटच बंद.

पास कुटुंबामागे असतो, मुलामागे नव्हे. त्यामुळे भावंडं असली तरी दोनच. मात्र त्यांचे कार्यक्रम वेगवेगळ्या सत्रांत असतील, तर प्रत्येक सत्राचे पास आधीच मागावेत. मांडीवरच्या बाळालाही पास लागतो का, तेही विचारावं. झेरॉक्स चालत नाही. दारावर क्रमांक तपासतात. आजी-आजोबांना रंगीत तालमीला बसू देतील का, हे मात्र जरूर विचारावं.