दार ३० इंची, वाट २४ इंचांची

बाथरूमच्या दाराचं माप विचारलं की सुतार आणि बिल्डर दोघंही एकच आकडा सांगतात: ३० इंच. पुण्या-ठाण्यातल्या पुष्कळ फ्लॅटमध्ये तो खराही असतो, पण ते भिंतीत सोडलेल्या जागेचं माप असतं. त्यात दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंचांची चौकट बसली की उरतात २५. दार काटकोनात उघडून धरलं तरी पल्ल्याची जाडी वाटेत डोकावते आणि पाऊण-एक इंच खाते. म्हणजे माणसाला मिळते ती २४ इंचांची फट. दुकानात सहज मिळणारी १८ इंची बैठकीची व्हीलचेअर मात्र चाकांवरच्या रिंगा धरून २५-२६ इंच रुंद असते.

म्हणून घरात कोणाला व्हीलचेअर लागणार असं ठरलं की गवंड्याला बोलावण्याआधी टेप घेऊन बसावं. चौकट मोजू नये. दार पूर्ण उघडून, पल्ल्याच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंतचं अंतर मोजावं. खुर्ची मोजावी ती माणूस बसलेला असताना, रिंगेवर त्याचे हात असताना. रिंग ढकलणाऱ्या हातांना दोन्हीकडे किमान दीड-दोन इंच मोकळे लागतात, नाहीतर पहिल्याच दिवशी बोटांची सालं चौकटीला लागतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या सूचनांमध्ये दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ३ फूट, धरली आहे. जुन्या फ्लॅटमध्ये ती सगळीकडे मिळणं कठीण. समोरून सरळ आत जायचं असेल तर त्याहून कमी रुंदीतही भागतं. बाजूने वळून जायचं असेल तर भागत नाही.

खरी मेख इथेच आहे. नेहमीचा दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊ. घरातल्या आजींचे पाय मणक्याच्या दुखण्याने गेले आहेत, हात मात्र मजबूत आहेत. खुर्ची त्या स्वतः चालवतात. पॅसेज ३ फूट रुंद आणि कॉमन बाथरूमचं दार पॅसेजच्या कडेला. घरच्यांच्या मनात पहिला विचार येतो तो हेच दार फोडून रुंद करण्याचा. पण पावलांसकट खुर्चीची लांबी भरते ४५ ते ४८ इंच, म्हणजे ३६ इंचांच्या पॅसेजमध्ये ती आडवी उभीच राहू शकत नाही. काटकोनात वळून आत शिरायचं तर दारही ३ फुटी हवं. त्यासाठी भिंत फोडायची, वरचा लिंटेल बदलून दोन्हीकडे सहा-सहा इंच टेकेल असा लांब टाकायचा. भिंत चार इंची विटांची असेल तर हे जमतं. अलीकडच्या मायवान पद्धतीच्या इमारतींमध्ये आतल्या भिंतीही काँक्रीटच्या आणि इमारतीचा भार पेलणाऱ्या असतात. त्यांना स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या परवानगीशिवाय छिन्नी लावायची नाही, आणि परवानगी बहुधा मिळत नाही.

बेडरूमला जोडून असलेल्या बाथरूमचं दारही ३० इंचीच आहे, पण त्याच्यासमोर खोली आहे. खुर्ची दारासमोर सरळ उभी करता आली तर काम निम्म्याने कमी होतं. आधी खुर्ची बदलली. आजी बारीक अंगाच्या, त्यांना १६ इंची बैठक पुरते. सगळी खुर्ची साडेतेवीस इंचांत बसली. घरातलं प्रत्येक दार एका फटक्यात दोन इंचांनी रुंद झालं आणि विटेला हातही लागला नाही. मग चौकटच काढली, कडांना पाऊण इंची ग्रॅनाइटची पट्टी लावली आणि बाहेरच्या भिंतीवर वरच्या रुळावरून सरकणारं दार टांगलं. वाट झाली साडेअठ्ठावीस इंच, म्हणजे दोन्ही हातांना अडीच-अडीच इंच. सरकत्या दाराला पल्ल्याएवढी भिंत शेजारी मोकळी लागते. नेमकं तिथेच गिझरचं बटण असतं. ते आधी हलवावं. आत पडलेल्या माणसाच्या अंगामुळे आत उघडणारं दार अडकण्याची भीतीही सरकत्या दाराने संपते.

आता वळायच्या जागेचं. सूचनांमध्ये १५०० मिलिमीटरचं वर्तुळ सांगितलंय, म्हणजे ५ फूट. हा आकडा खुर्चीतूनच येतो: २४ इंच रुंद आणि ४८ इंच लांब खुर्चीचा कर्ण ५४ इंचांच्या आसपास जातो, वर थोडी हालचालीला मोकळीक. अडीच फुटांची दोरी आणि खडू घेऊन जमिनीवर वर्तुळ काढलं की कोणतं सामान हलवायचं ते लगेच दिसतं. आजींच्या १० बाय १२ च्या खोलीत एका भिंतीला २ फुटी कपाट आणि मधोमध ६ फुटी डबल बेड होता. दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट. ३ फुटी पलंग भिंतीला लावला आणि बाथरूमसमोर वर्तुळ पूर्ण मावलं. (आजोबांचा पलंग दुसऱ्या खोलीत गेला. त्यांनी तक्रार केली ती फक्त तिथल्या पंख्याच्या आवाजाची.)

बाथरूम ४ बाय ७. तिथे खुर्ची वळणारच नाही, हे मान्य करून टाकावं: जाताना पुढे, येताना उलट. बेसिनखालचा चिनी मातीचा खांब काढून बेसिन भिंतीवर टांगलं की पावलं त्याखाली जातात आणि खुर्ची कमोडच्या शेजारी आणखी पुढे सरकते. दारातला इंचभर उंबरा मात्र काढायलाच हवा. पुढची छोटी चाकं त्याला अडतात आणि माणूस पुढे फेकला जातो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराच्या आतल्या बाजूला लांब जाळीची नाली करतात. आधाराचे दांडे लावताना भिंत तपासावी. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत साध्या प्लगचे स्क्रू माणसाच्या वजनाने उपटून येतात. तिथे केमिकल अँकर किंवा आरपार बोल्ट लागतात.

हाताच्या पोहोचीसाठी जमिनीपासून १५ ते ४८ इंच हा पट्टा धरला जातो. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा पेन्सिल बरी. खुर्चीत पाठ टेकून बसलेल्या आजींना भिंतीवर हात सहज जाईल तिथे खूण करायला सांगावं, वर एक आणि खाली एक. त्या दोन खुणांच्या मध्ये बटणं, कडी, टॉवेलचा दांडा. आपले स्विचबोर्ड चार-साडेचार फुटांवर असतात. ते तीन-साडेतीन फुटांवर आणावेत, आणि खोलीच्या कोपऱ्यापासून दीड फूट दूर. कोपऱ्यातलं बटण योग्य उंचीवर असलं तरी पायांची पाटी आधी भिंतीला लागते आणि हात अलीकडेच राहतो.

ओट्यावरचं प्लग पॉइंट हा असाच फसवा. ४८ इंचांवर हात पोहोचणाऱ्या माणसालाही दोन फुटी ओट्यापलीकडे तो ४४ इंचांच्या वर नेता येत नाही, आणि तेही गुडघे ओट्याखाली जात असतील तरच. त्यासाठी एका ठिकाणच्या ट्रॉल्या काढून २७ इंच उंचीची आणि अडीच फूट रुंदीची पोकळी करावी लागते. चहा करण्यापुरती, गॅसची शेगडी आणि पाण्याचा नळ यांच्या मधली जागा निवडली तर बाकीचा ओटा उभं राहून काम करणाऱ्यांसाठी आहे तसा ठेवता येतो. मुख्य दाराची वरची कडी साडेतीन फुटांवर आणावी आणि दारातली भिंगाची दुसरी खिडकी त्याहून थोडी वर बसवावी. बाल्कनीतल्या दोरीने वरखाली होणाऱ्या कपडे वाळत घालायच्या दांड्यांना मात्र हात लावायची गरज नाही. फक्त दोरी बांधायचा हूक खाली घ्यावा.